डॅशबोर्डचा आकडा आणि फायनान्सचा आकडा जुळत नाही, मॅनेजरला मेलमध्ये काय लिहू?

प्रश्न: भोसरी एमआयडीसीत आमची इंडस्ट्रियल व्हॉल्व्हची कंपनी आहे, सेल्सचा डॅशबोर्ड मी बघतो. जूनची विक्री डॅशबोर्डवर २,४७,८०,००० दिसतेय आणि फायनान्सच्या रिपोर्टमध्ये १,८९,३५,०००. मॅडम म्हणाल्या, फरक का आहे ते मेलवर कळवा. काय लिहू?

उत्तर:

‘दोन्ही रिपोर्टचं लॉजिक वेगळं आहे’ एवढंच लिहून मेल पाठवू नका. खोटं नाहीये ते, पण मॅडमचा पुढचा प्रश्न ठरलेला आहे, की मग रिव्ह्यूमध्ये मी कुठला आकडा सांगू? ते मेलच्या पहिल्या ओळीत पाहिजे. आणि त्याखाली डॅशबोर्डच्या आकड्यापासून निघून फायनान्सच्या आकड्यापर्यंत पायरी पायरीने उतरत जायचं, ५८,४५,००० चा फरक कुठे कुठे गेला ते रुपयात दाखवत.

आधी कॅल्क्युलेटर घ्या आणि तुमचा आकडा १.१८ ने भागा. बरोब्बर २,१०,००,००० येतात. म्हणजे तुमचा सगळा माल १८ टक्क्यांचा असेल तर तुमचा डॅशबोर्ड बहुतेक जीएसटीसकट रक्कम दाखवतोय. जीएसटी आपण सरकारच्या वतीने गोळा करतो, तो कंपनीचं उत्पन्न नाही, त्यामुळे फायनान्स तो विक्रीत धरतच नाही. ३७,८०,००० इथेच गेले. (मालात वेगवेगळे दर असतील तर हे भागायचं काम करू नका, लाइन आयटमचा टॅक्सेबल व्हॅल्यूचा कॉलम घेऊन बेरीज करा.)

आता राहिले २०,६५,०००, आणि खरी मेहनत इथे आहे. डॅशबोर्ड ऑर्डर आली त्या तारखेने मोजतो. फायनान्स मोजतं माल गिऱ्हाइकाच्या ताब्यात गेला तेव्हा, विक्री कधी धरायची ते सांगणाऱ्या इंड एएस ११५ ह्या अकाउंटिंग स्टँडर्डमध्ये तत्त्वच ते आहे, रोजच्या व्यवहारात बऱ्याच कंपन्या डिस्पॅच होऊन इनव्हॉइस फाटलं ती तारीख धरतात. टार्गेटसाठी २८-२९ जूनला सेल्सवाले ऑर्डरी ओतणार आणि माल टेस्टिंग, पॅकिंग होऊन गाडीत चढणार जुलैत. त्या ऑर्डरी तुमच्याकडे जूनमध्ये, त्यांच्याकडे जुलैत. उलटंही होतंच, मेमधल्या काही ऑर्डरींचं बिल जूनमध्ये झालेलं असतं आणि ते तुमच्या जूनमध्ये नाही. ह्या दोन रकमा वेगवेगळ्या दाखवा, वजाबाकी करून एकच आकडा टाकू नका, कारण मॅडमना पेंडिंग डिस्पॅच किती आहे हे त्यातूनच कळणार आहे.

हे काढायला टॅलीमधून सेल्स रजिस्टर घ्या आणि ऑर्डर नंबरवर जुळवा. इथे बहुतेक जण VLOOKUP लावतात आणि फसतात. एका ऑर्डरचा माल दोन-तीन हप्त्यांत गेला की इनव्हॉइसही दोन-तीन असतात आणि VLOOKUP फक्त पहिलं सापडलेलं उचलतो. त्याऐवजी डॅशबोर्डच्या शीटवर हे लावा, दोन्ही शीटच्या A मध्ये ऑर्डर नंबर आणि रजिस्टरच्या Finance नावाच्या शीटवर D मध्ये टॅक्सेबल रक्कम धरून:

```
=SUMIFS(Finance!D:D,Finance!A:A,A2)
```

शून्य आलं म्हणजे बिल झालेलं नाही असं लगेच धरू नका, ऑर्डर नंबरच्या शेवटी एक स्पेस चिकटलेली असली तरी शून्यच येतं. डेटाबेसमध्ये जॉइन करणार असाल तर तिथे उलटा घोळ, एका ऑर्डरला तीन इनव्हॉइस लागली की ऑर्डरची रक्कम तीनदा मोजली जाते. म्हणून आधी इनव्हॉइसची ऑर्डरवार बेरीज करून घ्या, मग जोडा.

तिसरी गोष्ट क्रेडिट नोट. मार्चमध्ये गेलेला माल रिजेक्ट होऊन परत आला आणि क्रेडिट नोट जूनमध्ये निघाली तर फायनान्स ती जूनच्या विक्रीतून वजा करतं, मार्चचे हिशोब ते उघडत नाहीत. डॅशबोर्ड मात्र एकतर परतीचा माल बघतच नाही, नाहीतर जुन्या ऑर्डरचं स्टेटस बदलून मागचा महिना गुपचूप कमी करतो. तुमचा दुसऱ्या प्रकारचा असेल तर जूनचा आकडा ऑगस्टमध्येही हलत राहणार, म्हणून आकडा कधी काढलाय ती तारीख आणि वेळ मेलमध्ये टाकाच. मॅडमनी परवा बघितलेला आकडा आज तिथे नसेल तर बाकी सगळं बरोबर असूनही विश्वास जातो.

मधल्या रकमा तुमच्या फाइलमधून येतील, मी खाली धरून चाललेल्या टाकतोय. ऑफिसात मेल इंग्रजीत जात असेल तर इंग्रजीत लिहा, क्रम मात्र हाच ठेवा.

विषय: जून विक्री – डॅशबोर्ड आणि फायनान्स यांतला फरक

मॅडम,

रिव्ह्यूमध्ये विक्री म्हणून फायनान्सचा १,८९,३५,००० हाच आकडा घ्यावा. डॅशबोर्डचा २,४७,८०,००० हा जूनमध्ये आलेल्या ऑर्डरींचा, जीएसटीसह आकडा आहे (५ जुलै, सकाळी ११ वाजता काढलेला). ५८,४५,००० चा फरक असा:

डॅशबोर्ड: २,४७,८०,०००
वजा जीएसटी: ३७,८०,०००
वजा जूनच्या ऑर्डरी, ३० जूनपर्यंत बिल न झालेल्या: २४,००,०००
अधिक आधीच्या ऑर्डरी, बिल जूनमध्ये झालेलं: ११,००,०००
वजा जूनमधल्या क्रेडिट नोट: ७,४०,०००
वजा अजून न जुळलेली रक्कम: २५,०००
फायनान्स: १,८९,३५,०००

न जुळलेल्या २५,००० चं कारण अकाउंट्सबरोबर तपासतोय, शुक्रवारपर्यंत कळवतो. ऑर्डरवार यादी सोबत जोडली आहे.

बस, एवढाच मेल. ते २५ हजार कुठेतरी ‘राउंड ऑफ’ म्हणून दडपायचा मोह होईल, पण राउंड ऑफ पैशांत असतो, हजारांत नाही, आणि अकाउंट्सवाल्याच्या नजरेतून ते सुटत नाही. फायनान्सच्या आकड्याच्या ०.१३ टक्के रक्कम उघड बाकी दाखवली तर कोणी काही म्हणत नाही, उलट बाकीच्या ओळी खऱ्या वाटतात. फरक दोन-तीन टक्के उरला तर मात्र मेल थांबवा, एखादी अख्खी गोष्ट राहिलीय, ब्रँच ट्रान्सफर किंवा रद्द झालेल्या ऑर्डरी वगैरे.

रात्री वेबसाइटवरून ऑर्डरी येत असतील तर सर्व्हरचं घड्याळही बघा, ते यूटीसीवर असेल तर १ जुलैच्या पहाटे साडेपाचपर्यंतच्या ऑर्डरी जूनमध्ये पडतात. व्हॉल्व्ह पहाटे तीनला कोण मागवतं म्हणा, पण बघून घ्या.

पाठवायच्या आधी हे आकडे अकाउंट्समधल्या माणसाला दाखवा, त्याला सीसीमधून पहिल्यांदा कळू देऊ नका, नाहीतर त्याला वाटतं आपल्यावर बोट ठेवलंय आणि मग तो तुमच्या मेलला उलट मेल लिहीत बसतो. रजिस्टर मागायलाही वेळ बघून जा, जीएसटीआर-१ दर महिन्याला भरत असाल तर ११ तारखेपर्यंत ती मंडळी त्यातच बुडालेली असतात. मॅडमना त्याआधी उत्तर हवं असेल तर १ तारखेलाच सेल्स रजिस्टर आणि क्रेडिट नोटचं रजिस्टर एक्सेलमध्ये मागून ठेवा.