२ बाय २ टाईल्स लहान निघाल्या, फरशी कमी पडतेय. दुकानदाराला पत्र कसं लिहावं?

प्रश्न: घरासाठी २ बाय २ च्या टाईल्स घेतल्या. बिल ८०० चौरस फुटांचं आहे. मिस्त्री म्हणतो टाईल दोन फुटांची नाहीच, लहान आहे, माल पुरणार नाही. दुकानदाराला पत्र द्यायचंय, काय लिहू?

उत्तर:

पत्रात ‘टाईल लहान दिली’ एवढंच लिहाल तर तो भांडण तिथेच जिंकेल. लातूर-नांदेडकडच्या साईटवर मोजमाप आणि बिलं तपासायचं काम करतो, त्यामुळे हा वाद सारखा कानावर येतो. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं: ‘दादा, २ बाय २ म्हणजे ६०० बाय ६०० मिलिमीटरच. मोरबीहून माल असाच येतो, कुणाकडेही जा.’ आणि त्यात तो खोटं बोलत नाही. दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर, पण टाईल ६०० ची बनते आणि बाजारात तिचं नाव २ बाय २ पडलंय.

गफलत नावात नाही, बिलात आहे. टाईल ६०० ची द्यायची आणि पैसे मात्र पूर्ण चार फुटांचे लावायचे. ६०० च्या एका टाईलचं क्षेत्रफळ ३.८७५ चौरस फूट भरतं. चार टाईल्सच्या पेटीला दुकानात १६ फूट धरतात, प्रत्यक्षात पेटीत १५.५ फूट असतात. एका पेटीला अर्धा फूट, कुणाच्या लक्षातही येत नाही. ५० पेट्यांना तोच २५ फूट होतो. तुमचं ८०० चं बिल म्हणजे बहुतेक ५० पेट्याच असणार, म्हणजे हाती ७७५ फूट आले. जागा समजा ७५५ फूट असेल आणि कापाकापीला ४५ फूट धरले असतील, तर तुटवडा नेमका शेवटच्या खोलीत उघडा पडतो.

पत्र लिहिण्याआधी माप स्वतः घ्या. एकच टाईल मोजू नका, टेपच्या टोकाचा हूक हलतो आणि मिलिमीटर इकडेतिकडे होतात. वेगवेगळ्या पेट्यांतल्या दहा टाईल्स सपाट जागी एकमेकींना चिकटवून एका ओळीत लावा आणि ओळीची लांबी घ्या. सहा मीटरच्या आसपास भरली तर टाईल ६०० ची आहे. दोन फुटी असती तर ओळ जवळजवळ चार इंच पुढे गेली असती. एका टाईलमागे एखाद-दोन मिलिमीटर कमी दिसले तर तो मुद्दा पत्रात घेऊ नका, कडा घासलेल्या मालात तेवढं चालतं. मात्र टाईल पेटीवर छापलेल्या मापापेक्षा उघडच लहान असेल किंवा पेटीवरच दुसरं माप असेल, तर तो चुकीचा माल झाला. मग २५ फुटांचा हिशेब सोडा, टाईल्स लावू नका आणि सगळा माल बदलून मागा.

पेटीवरचं लेबल हा तुमचा खरा पुरावा. त्यावर माप, नग, बहुतेक वेळा चौरस मीटर, शिवाय शेड आणि बॅच नंबर असतो. फोटो काढा, आणि एका पेटीचा तो पुठ्ठा कापून ठेवा, कारण मिस्त्री लोक तोच पुठ्ठा सिमेंट कालवताना खाली अंथरतात.

पत्र असं लिहा. दर मी ४८ रुपये धरलाय, तुमचा घाला:

दि. ________
प्रति,
मालक, (दुकानाचे नाव व पत्ता)

विषय: बिल क्र. ____ मधील टाईल्सचे क्षेत्रफळ २५ चौ. फूट कमी मिळाल्याबाबत.

स.न.वि.वि.

दि. ____ रोजी आपल्याकडून (कंपनी व डिझाईन नंबर) या टाईल्सच्या ५० पेट्या घेतल्या. बिलात ८०० चौ. फूट क्षेत्रफळ धरून रु. ४८ दराने रु. ३८,४०० आकारले आहेत व ते मी दिले आहेत.

पेटीवर माप ६०० × ६०० मिमी व नग ४ असे छापले आहे. त्यानुसार एका पेटीत १५.५ चौ. फूट, म्हणजे ५० पेट्यांत ७७५ चौ. फूट माल आहे. मला २५ चौ. फूट माल कमी मिळाला असून त्याचे रु. १,२०० जास्त घेतले गेले आहेत. या हिशेबात तुटफूट किंवा कापणी धरलेली नाही.

कृपया ८ दिवसांत त्याच शेड व बॅचच्या २ पेट्या पोचवाव्यात. त्यांत ३१ चौ. फूट येतात, वरच्या ६ चौ. फुटांचे रु. २८८ मी देईन. ती बॅच शिल्लक नसल्यास रु. १,२०० परत करावेत.

सोबत: बिलाची प्रत, पेटीवरील लेबलचा फोटो.

आपला, (नाव, पत्ता, मोबाईल)

बिलात जीएसटी वेगळा लावला असेल तर १,२०० वरचा तोही मागा. ‘तुटफूट धरलेली नाही’ हे वाक्य काढू नका. दुकानदार पहिल्यांदा मिस्त्रीवरच ढकलतो, ‘त्यानं तुकडे जास्त पाडले’ म्हणतो. तुमचा हिशेब पेट्या आणि छापील माप एवढ्यावरच उभा आहे, मिस्त्री त्यात कुठेच येत नाही. ६ फुटांचे पैसे देतो म्हणणंही मुद्दाम आहे. तुम्ही फुकट मागत नाही हे कागदावर राहतं आणि समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जागा उरत नाही.

बॅचचं मात्र लवकर करा. तेच डिझाईन दुसऱ्या बॅचचं आलं तर रंगात फरक पडतो आणि खिडकीच्या उजेडात तो पट्टा कायम दिसतो. म्हणून पत्र देण्याआधी फोन करून त्या बॅचच्या दोन पेट्या बाजूला काढायला सांगा. मिस्त्रीलाही सांगा, हॉल आधी संपव. कमी पडलंच तर पलंगाखाली किंवा स्टोअरमध्ये पडू दे.

पत्र दोन प्रतींत घेऊन स्वतः दुकानात जा, एका प्रतीवर सही-शिक्का-तारीख घ्या. सही देत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि तेच पत्र त्याच्या व्हॉट्सॲपवरही टाका. आपल्याकडे बरेचदा पक्क्या बिलाऐवजी ‘एस्टिमेट’ लिहिलेली चिठ्ठी हातात देतात. तुमचं तसं असेल तर आधी पक्कं बिल मागा, वादाचा विषय त्यानंतर काढा. तरी दिलं नाही तर चिठ्ठी, ऑनलाईन पैसे दिल्याची नोंद आणि टेम्पोवाल्याची पावती जपून ठेवा.

‘सगळेच असं मोजतात’ हे ऐकावं लागेल. त्यावर एवढंच विचारा की कंपनीकडून माल घेताना तुम्ही पेटीचे १६ फुटांचे पैसे देता का. वैधमापन कायदा २००९ प्रमाणे बिलात माप मेट्रिकमध्ये असायला हवं, म्हणजे चौरस मीटरमध्ये. तसं लिहिलं असतं तर ७२ चौरस मीटर आले असते आणि हा घोळ झालाच नसता. हे शांतपणे बोला, बहुतेक दुकानदार इथे दोन पेट्या देऊन मोकळे होतात.

नाहीच ऐकलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. बाराशे रुपयांसाठी मी स्वतः आयोगापर्यंत जाणार नाही. पण तुमचं बिल दोन-तीन हजार फुटांचं असतं तर नक्की गेलो असतो.