सहीआधी काँक्रीट पडलं: क्लायंटला पत्र कसं लिहाल?

तपासणीची विनंती दिली होती, पण क्लायंटच्या इंजिनिअरची सही व्हायच्या आत स्लॅब ओतला गेला. क्यूब चांगलेच येतील. २८ दिवसांचा निकाल जोडून मग माफीपत्र दिलं तर?

नको, पत्र आजच द्या. क्यूब फक्त ट्रकमधून आलेल्या काँक्रीटबद्दल सांगतो. सळई जागेवर आहे का, हे त्यातून कळत नाही, आणि सही तर त्यासाठीच असते. समजा १५० मिमीच्या स्लॅबमध्ये वरची सळई उचलून धरणारी चेअर आडवी पडून बीमवरची वरची सळई २५ मिमी खाली दबली. इफेक्टिव्ह डेप्थ १२० वरून ९५ मिमीवर येते आणि त्या जागची बेंडिंग सोसण्याची ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने घटते. क्यूब तरीही उत्तम येतील. क्लायंटला धास्ती याचीच असते, म्हणून क्यूबच्या निकालाचा आधार घेऊन लिहिलेलं पत्र त्याला टाळाटाळ वाटतं. शिवाय तोवर वरच्या मजल्याचं सेंटरिंग उभं राहिलं, तर तपासायला जागाच उरत नाही.

आमचे साहेब म्हणतात, ‘गैरसमजातून काम सुरू झाले’ असं लिही. सुरुवात नेमकी कशी करू?

जे घडलं ते लिहा. उदाहरणार्थ:

“दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबचे, ग्रिड अ ते क आणि १ ते ४ मधील, एम ३० काँक्रीट (४२ घनमीटर) आम्ही मंगळवारी सकाळी ७ ते ११ या वेळेत ओतले. तपासणीची विनंती आम्ही सोमवारी संध्याकाळी ६ वाजता दिली होती. पोर कार्डवर आपल्या इंजिनिअरची सही झालेली नव्हती, आणि हे माहीत असूनही काम सुरू करण्याचा निर्णय आमच्या साइट इन्चार्जनी घेतला. हा होल्ड पॉइंट आम्ही ओलांडला आणि सळई प्रत्यक्ष पाहण्याची आपली संधी गेली. याबद्दल आम्ही आपली मनापासून माफी मागतो.”

शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. क्लायंटचं नेमकं काय गेलं, हे तुम्हाला कळलंय, एवढं त्यातून दिसतं. ‘दर्जात कोणतीही तडजोड झालेली नाही’ हे वाक्य मात्र लिहू नका, कारण ते आज तुम्हालाही माहीत नाही.

‘सर्वांना टूलबॉक्स टॉकमध्ये सूचना दिली आहे’ असं लिहिलं होतं. क्लायंटने पत्र परत पाठवलं. आणखी काय हवं?

कारण हवं. वरचंच उदाहरण घ्या. सही नसताना काम का सुरू झालं? ट्रक गेटवर उभे होते आणि काँक्रीट फार वेळ थांबत नाही. ट्रक का आले? फोरमनने आदल्या संध्याकाळीच फोनवर ऑर्डर दिली होती, म्हणजे विनंती गेली त्याच सुमारास. इंजिनिअरला तपासायला वेळच ठेवला नव्हता. ट्रक मागवणं आणि सही मिळणं यांचा तुमच्या साइटवर एकमेकांशी संबंधच नव्हता, दोष तिथे आहे. तो तसाच राहिला तर दहा सूचना देऊनही पुढच्या वेळी इन्चार्ज ट्रक परत पाठवणार नाही.

म्हणून उपाय ऑर्डरवर हवा. सही झालेल्या पोर कार्डचा नंबर सांगितल्याशिवाय प्लांटने ट्रक सोडायचा नाही, आणि हे प्लांटला लेखी कळवायचं. विनंती २४ तास आधी द्यायची, तीही स्वतःची तपासणी पूर्ण करून. प्रत्येक गोष्टीपुढे जबाबदार माणूस आणि तारीख लिहा. पुराव्यासाठी पुढच्या तीन कामांची पोर कार्डं आणि चलनं देऊ असं कळवा. सहीची वेळ ट्रक सुटण्याच्या आधीची आहे का, हे क्लायंट दोन कागद शेजारी ठेवून स्वतः पाहील.

ओतलेल्या स्लॅबचं काय? कोणत्या चाचण्या सुचवू?

आधी लिहा: डिझायनरचा लेखी निर्णय येईपर्यंत टेकू काढणार नाही आणि वर भार टाकणार नाही. मग कव्हर मीटरने सळईची जागा आणि कव्हर शोधून त्याचा नकाशा द्या. वरची सळई स्लॅबच्या वरूनच तपासता येते. खालचं सेंटरिंग हलवता येत नसल्याने खालची सळई नंतर तपासू, हेही सांगा. ओतण्याआधीचे वेळ दिसणारे फोटो असतील तर जोडा.

कव्हर मीटरलाही मर्यादा आहेत. सळई दाट असेल किंवा दोन थर असतील तर संकेत एकमेकांत मिसळतात, आणि सळईचा व्यास तर अंदाजानेच कळतो. अशा ठिकाणी डिझायनर दाखवेल तिथे थोडं काँक्रीट फोडून सळई उघडी करून पाहावी लागते. कोअर स्वतःहून सुचवू नका. इथे शंका सळईची आहे, आणि कोअर काढताना तीच कापली जाण्याची भीती असते.

माफी लिहिली म्हणजे कबुली झाली. बिलातून पैसे कापतील ना?

घडलेली गोष्ट पोर कार्डवर दिसतेच, ती लपत नाही. तपासणीचा खर्च आम्ही करू, इतकं स्पष्ट लिहा. ‘होणाऱ्या सर्व नुकसानीची जबाबदारी आमची’ असं मोघम वाक्य नको. पत्र पाठवण्याआधी करार पाहणाऱ्या माणसाला दाखवा, पण त्यासाठी एका दिवसापेक्षा जास्त थांबू नका.