डब्याचं लटकं परीक्षण

*विचारणा, साताऱ्याहून: स्टीलच्या जेवणाच्या डब्यावर कुणी अगदी गंभीर चेहऱ्याने, पुस्तक-परीक्षणाच्या थाटात लिहिलं तर त्या लेखनप्रकाराला मराठीत काय म्हणायचं? मी 'डब्याचं विडंबन' लिहिलं होतं, ते आमच्या सरांनी खोडलं. 'खोटं परीक्षण' म्हटलं की भलताच अर्थ होतो.*

सरांनी खोडलं ते बरोबर केलं, पण पूर्ण शब्दावर काट मारली असेल तर जरा जास्त केलं. विडंबनाला मूळ लागतं. कवितेचं विडंबन होतं, कारण वाचकाच्या कानात मूळ कविता असते. अत्र्यांची 'झेंडूची फुले' १९२५ साली आली, आणि विडंबन म्हटलं की आजही आपल्याला आधी कविताच आठवते. डब्याला मूळ पाठ कुठला? तुमच्या लेखात थट्टा डब्याची होतच नाही. थट्टा होते ती परीक्षण लिहिणाऱ्याच्या भाषेची. तेव्हा 'परीक्षणाचं विडंबन' म्हणा, चालेल. 'डब्याचं विडंबन' म्हटलं की मला तर डब्याची विटंबना ऐकू येते, आणि त्यात माझ्या कानाचा दोष नाही. दोन्ही शब्द एकाच संस्कृत शब्दाचे. एक लेखनात राहिला, दुसरा पुतळ्यांच्या बातम्यांत गेला.

'उपहास' इथे बसत नाही, त्यात समोरच्याला खाली दाखवणं आहे. 'उपरोध'ही नाही, कारण उपरोधात बोलणाऱ्याच्या मनातलं बरोबर उलटं बोललेलं असतं. 'वा, काय डबा आहे!' हा उपरोध. तुमच्या लेखकाला मात्र डब्याबद्दल जे म्हणायचं आहे तेच तो म्हणतो. फक्त गरजेपेक्षा फार मोठ्या आवाजात म्हणतो.

आणि 'खोटं परीक्षण' म्हणजे पैसे घेऊन पाच तारे देणं. तो निराळा धंदा.

मला विचाराल तर शब्द घरातच आहे: लटकं. लटका राग, लटकी तक्रार. संतांच्या वाङ्मयात 'लटिके' म्हणजे सरळ खोटं, असत्य. आज बोलण्यात मात्र त्या शब्दातला फसवणुकीचा भाग झडून गेला आहे. लटक्या रागात रागावणाऱ्याला ठाऊक असतं की हे खरं नव्हे, ज्याच्यावर रागावलोय त्यालाही ठाऊक असतं, तरी दोघं तो राग शेवटपर्यंत नीट वागवतात. हा करार 'खोटा' या शब्दात नाही, 'बनावट'मध्ये तर अजिबात नाही. म्हणून प्रकाराचं नाव लटकं परीक्षण, आणि ते लिहायची रीत साळसूदपणाची. चेहऱ्यावरची रेष न हलवता बोलणाऱ्याला 'साळसूद' हा आपला शब्द इतका नेमका आहे की दुसरा शोधायला नको.

आता 'परीक्षण'च का, 'रिव्ह्यू' का नाही? सांगलीत डबा घेताना सगळे 'रिव्ह्यू बघितलास का' असंच विचारतात. पण रिव्ह्यू हा शब्द डब्याला आधीच शोभतो, त्यामुळे हसू येत नाही. 'परीक्षण' म्हटलं की पुस्तक डोळ्यांपुढे येतं, आणि पुस्तकाच्या जागी डबा ठेवला की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं कसं करायचं ते माझ्याच डब्यावर दाखवतो. डबा तीन पुडांचा, रुखवतातला, गेली कित्येक वर्षं सांगली-मिरज बसने रोज जातो-येतो. कडेला ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं आहे आणि खाली 'आत्याकडून सप्रेम'.

'प्रस्तुत डबा तीन पुडांत विभागलेला असून तिसऱ्या पुडाचा पहिल्या दोहोंशी असलेला संबंध काहीसा सैल वाटतो. अर्पणपत्रिका कोरीव असून आत्याच्या उल्लेखाने ती हृद्य झाली आहे. पूर्वार्धातील भाताची मांडणी संयत आहे. मात्र उत्तरार्धात आमटीवरील नियंत्रण सुटते आणि विश्रामबागपर्यंत पोहोचेतो तिचा काही अंश पिशवीत आढळून येतो. झाकण उघडणे हे वाचकाकडून, अर्थात जेवणाऱ्याकडून, अधिक सहभागाची अपेक्षा करते. चमच्याच्या दांडीची मदत घेतल्याशिवाय आशय हाती लागत नाही.'

यात काय काय चाललंय बघा. एकही गोष्ट खोटी नाही. तिसरं पूड खरंच हलतं, आमटी खरंच सांडते, झाकण खरंच घट्ट बसतं. गरम आमटी भरून लगेच झाकण लावलं की आतली वाफ थंड होऊन पाणी होते, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. वाफ जरा जाऊ देऊन झाकलं तर एवढं चिकटत नाही. ही माहिती लेखात आलीच पाहिजे असं नाही, पण लेखकाला ठाऊक हवी. तिच्यामुळेच 'अधिक सहभागाची अपेक्षा' या वाक्याला बूड मिळतं. लटक्या परीक्षणात तथ्य खरं आणि वजन खोटं. उलटं केलंत, म्हणजे डबा आपोआप उडाला, आमटीने पळ काढला वगैरे, तर ते परीक्षण राहत नाही, नुसती कल्पना होते.

दुसरं, 'आढळून येतो' बघा. पिशवी मी उघडली, हात माझा पिवळा झाला (सांगलीची हळद, सहजासहजी जात नाही). पण 'माझी पिशवी खराब झाली' लिहिलं असतं तर ती तक्रार झाली असती. 'आढळून येतो' म्हटलं की कुणाला आढळलं ते सांगावं लागत नाही. परीक्षकाचा तटस्थपणा मराठीत बहुतेक अशा, पाहणारा माणूस गाळणाऱ्या क्रियापदांतच राहतो. त्याच्या जोडीला 'काहीसा', 'मात्र' आणि 'असून' दिले की समीक्षकाचा कोट चढला.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा लेखक वाचकाच्या आधी हसतो. माझ्या पहिल्या मसुद्यात आमटीच्या वाक्यापुढे दोन उद्गारचिन्हं होती. आमच्या आईने वाचून 'अरे, हसायचं कुठं ते तू सांगतोस होय?' एवढंच विचारलं. चिन्हं काढली. मग तिने विचारलं, भात संयत म्हणजे कमी घालते असं म्हणायचंय का तुला? इथे मी खरा अडकलो, कारण ती दुसरी घसरण आहे. डबा भरणाऱ्या माणसावर बोट गेलं की लटकं उरत नाही, टोमणा होतो. ते वाक्य मी आता बदललं आहे: 'भाताची मांडणी पुडाच्या मर्यादेत राहून केली आहे.' म्हणजे दोष गेला पुडावर.

तुमचा लेख साधला की नाही हे पाहायचं तर 'डबा' आणि 'आमटी' हे शब्द बोटाने झाकून वाचा. उरलेला मजकूर एखाद्या कादंबरीवर छापायला देता येईल असा वाटला, तर सरांना परत दाखवा, आणि वर 'लटकं परीक्षण' लिहा. या वेळी खोडलं तर मला कळवा.