मनगट पिळलं की चॉकलेटचा कागद का होतो?

3D पात्राचा हात पिळला की मनगटाशी जाळी चॉकलेटच्या कागदासारखी आवळते, असं तू विचारलंस; तुझ्या शेडरमध्ये चूक नाही. दोन हाडांच्या मॅट्रिक्सची वजनानुसार सरासरी काढली की पिळाच्या कोनाच्या निम्म्याच्या कोसाइनइतकी त्रिज्या उरते, तीही वजनं निम्मी-निम्मी असतील तिथे. ९० अंशांना ०.७१; १८० ला शून्य, म्हणजे हात दोरा! खात्री हवी तर हाताचं हाड फक्त लांबीच्या अक्षावर फिरवून बघ.

ड्युअल क्वाटर्निअनकडे लगेच धावू नकोस. त्याने पिळाचा प्रश्न सुटतो, पण कोपर वाकवला की फुगतो. मी आधी कोपर आणि मनगटामध्ये दोन पिळाची हाडं घालतो. त्यांना हाताच्या पिळाचा एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश द्यायचा. मग १८० अंशांतही शेजारच्या हाडांत ६० चाच फरक राहतो, त्रिज्या ०.८७. शेडर जसाच्या तसा. हिशोब मॅट्रिक्स पाठवण्याआधीच होतो. हाड एक्स-अक्षावर असेल तर, बाइंड पोजच्या सापेक्ष `q` घेऊन:

```
if (q.w < 0) q = -q;
t = normalize(quat(q.x, 0, 0, q.w));
twist1 = slerp(identity, t, 1.0/3.0);
```

पहिली ओळ गाळलीस तर हात मधेच उलट्या दिशेने पिळतो. मी त्यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. वजनं मात्र लगतच्या दोन हाडांनाच दे. आणि १८० च्या पुढे पीळ गेला तर हाडं झटक्यात उलटतील, तेव्हा अॅनिमेशनमध्येच मर्यादा घाल.