आकडे वाचू नका, काळी घरं शोधा

प्रश्न: शब्दकोड्याच्या ग्रिडचा स्क्रीनशॉट आहे. त्यावरून आडव्या आणि उभ्या शब्दांची नंबरवार यादी, प्रत्येकाच्या अक्षरसंख्येसकट, कशी काढायची? हाताने मोजून डोळे दुखायला लागलेत.

घरांच्या कोपऱ्यातले ते बारीक आकडे चित्रातून वाचायच्या भानगडीत पडू नका. चित्राला फक्त एवढंच विचारायचं की कुठलं घर काळं आहे. नंबर, दिशा, लांबी हे सगळं त्यातून आपोआप निघतं.

हे मी इतक्या ठासून सांगतोय, कारण याच गोष्टीवरून माझं एका जुन्या सहकाऱ्याशी चांगलंच वाजलं होतं. आम्ही दोघंही कोड्यांचे वेडे. त्याचं म्हणणं, आकडे तर छापलेलेच आहेत, अक्षरओळख लावायची आणि उचलायचे. मी म्हटलं, आकडा उचलून करणार काय? घरात १७ लिहिलंय म्हणून तो शब्द आडवा की उभा की दोन्ही, आणि किती घरांचा, हे तो आकडा सांगत नाही. त्यासाठी काळी घरं लागतातच. आणि ती मिळाली की आकडा वाचायची गरजच उरत नाही. वर तो आकडा स्क्रीनशॉटमध्ये जेमतेम आठ-दहा पिक्सेल उंच असतो, त्यात १ आणि ७ यांचा गोंधळ ठरलेला.

नियम तुम्हाला माहीत असेलच: वरच्या ओळीपासून, डावीकडून उजवीकडे जायचं. पांढऱ्या घराच्या डावीकडे काळं घर किंवा कड असेल आणि उजवीकडे पांढरं घर असेल, तर तिथे आडवा शब्द सुरू होतो. वर काळं किंवा कड आणि खाली पांढरं असेल, तर उभा. दोन्हींपैकी एक जरी लागू झालं तरी नंबर एकने पुढे, आणि दोन्ही लागू झाले तरी एकच नंबर.

```python
R, C = len(g), len(g[0])

def w(r, c):
    return 0 <= r < R and 0 <= c < C and g[r][c] == '.'

n, A, D = 0, [], []
for r in range(R):
    for c in range(C):
        if not w(r, c): continue
        a = not w(r, c-1) and w(r, c+1)
        d = not w(r-1, c) and w(r+1, c)
        if a or d: n += 1
        if a:
            k = c
            while w(r, k): k += 1
            A.append((n, k - c))
        if d:
            k = r
            while w(k, c): k += 1
            D.append((n, k - r))
```

`g` म्हणजे ओळींची यादी, पांढऱ्याला `.` आणि काळ्याला `#`. `A` आडव्यांची, `D` उभ्यांची. `w` मधली कडांची तपासणी जास्तीची वाटते म्हणून काढू नका. पायथनमध्ये `g[r][-1]` म्हणजे त्या ओळीचं शेवटचं घर. ते पांढरं असलं की पहिल्या घराला डावीकडे शेजारी आहे असं वाटतं आणि शब्द गुपचूप गळतो.

आता माझी फजिती. मी हे सगळं लिहून मोठ्या ऐटीत त्याला दाखवलं, १५ × १५ च्या ग्रिडवर. वरच्या ओळीत ४, ५ आणि ४ घरं, मध्ये दोन काळी, म्हणजे १ ते १३ नंबर तिथेच संपले. दुसऱ्या ओळीत १४, १५, १६. तिसरीत १७, १८, १९. चौथीत २०, २१, २२ यायला हवेत. माझ्या यादीत २० नंतर मधला शब्दच नव्हता, आणि छापलेल्या २२ च्या घराला मी २१ म्हणत होतो. शेवटचा नंबर छापील ६५, माझा ६९. त्याला आयतंच सापडलं. ‘वाचले असतेस तर ही वेळ आली नसती,’ हे त्याने त्या आठवड्यात किती वेळा ऐकवलं त्याला गणतीच नाही.

झालं काय होतं? स्क्रीनशॉट घेताना अॅपमध्ये २१ आडवा निवडलेला होता, म्हणून त्याची पाचही घरं फिकट निळी. आणि मी ठरवलं होतं, उजेड २५५ पैकी २२० च्या वर असेल तरच पांढरं. फिकट निळ्याचा उजेड २०५ च्या आसपास येतो. पाचही घरं काळ्यात जमा. त्यामुळे २१ गेला, म्हणजे एक नंबर कमी. पण खालच्या ओळीतल्या पाच घरांच्या डोक्यावर आता ‘काळी’ घरं आली, म्हणून तिथे पाच खोटे उभे शब्द सुरू झाले. एक वजा, पाच अधिक, चार जास्त. ६५ चे ६९ असे झाले.

तेव्हापासून मी ‘पांढरं आहे का’ असं विचारतच नाही, ‘काळं आहे का’ असं विचारतो. उजेड ८० च्या खाली असेल तरच काळं. निळं, पिवळं, करडं, सगळं पांढऱ्यात. आणि घराच्या मधल्या साधारण ६० टक्के भागातल्या उजेडाची सरासरी न घेता मध्यक घ्या. घरात अक्षर भरलेलं असलं तरी त्याच्या रेघा निम्म्याहून कमी जागा व्यापतात, त्यामुळे मध्यक पार्श्वभूमीचाच येतो. कोपऱ्यातला नंबरही त्या भागाबाहेर राहतो.

कापायचं म्हणाल तर ग्रिडच्या बाहेरच्या रेघेला लागून कापा आणि रुंदीला घरांच्या संख्येने भागा. फक्त भागाकार पूर्णांकात गोल करू नका, ३७.४ आलं तर ३७.४ च ठेवा.

चूक पकडायची सोपी खूण म्हणजे ग्रिड उलटं फिरवून बघणं. बहुतेक कोड्यांची काळी घरं १८० अंशात फिरवली तरी जागच्या जागी बसतात. माझ्या त्या ग्रिडमध्ये चौथ्या ओळीत ६ ते १० काळी होती आणि बाराव्या ओळीत ६ ते १० पांढरी. दोन ओळींचा कोड हे सांगू शकला असता. मी लिहिला नव्हता, ही माझी चूक. मोजायच्या पद्धतीची नाही, हे त्याला अजून पटत नाही.

बरं, थोडं त्याच्याही बाजूचं. छापील आकडे पडताळणीला उपयोगी आहेत, हे मान्य. तुमचा नंबर आणि छापील नंबर जिथे पहिल्यांदा वेगळे होतात, त्याच्या आसपासच चुकलेलं घर असतं. माझ्या बाबतीत २० नंतर लगेच होतं. पण सगळे वाचायची गरज नाही, दर ओळीतला पहिला डोळ्याने बघितला तरी भागतं.

डार्क मोडचा स्क्रीनशॉट असेल तर वरचा ८० चा हिशोब विसरा, तिथे दोन्ही प्रकारची घरं गडदच असतात. मोड बदलून पुन्हा घ्या. काळ्या घरांऐवजी जाड रेघांनी शब्द तोडणारी कोडी असतात, त्यांना हा कोड चालत नाही, कारण तिथे घर न तपासता दोन घरांमधली कड तपासावी लागते.

आणि मराठी कोडं असेल तर मिळालेली लांबी घरांची आहे, हे ध्यानात ठेवा. शब्दांच्या यादीतून चार घरांचा शब्द शोधताना `len("शब्दकोडे")` वापरलंत तर ८ येईल. घरं मात्र चारच: श, ब्द, को, डे. या एका बाबतीत तो सहकारी माझ्या आधी शहाणा झाला होता, पण ते वेगळं भांडण आहे.