आठ महिने झाले, तरी तो मला कोणालाच भेटवत नाही

प्रश्न: आम्ही आठ महिने एकत्र आहोत, पण त्याने माझी ओळख एकाही मित्राशी, सहकाऱ्याशी किंवा नातेवाइकाशी करून दिलेली नाही. तो मला लपवतो आहे का?

उत्तर: घरच्यांचा तीव्र विरोध किंवा कार्यालयातले नियम यांमुळे एखादे दार बंद राहू शकते, परंतु मित्रांसह सगळीच दारे बंद असतील, तर प्रश्न लाजाळूपणाचा उरत नाही. इंग्रजीत अशा वागण्याला ‘पॉकेटिंग’ म्हणतात.

खरी परीक्षा अचानक होणाऱ्या भेटीत होते. माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत, वाटेत जोडीदाराचा जुना मित्र समोर आला, तेव्हा त्याने तिचा हात सोडला, तो दोन पावले पुढे गेला आणि तिचे नावही न सांगता बोलत राहिला. संकोची माणूस अशा वेळी अडखळतो, पण निदान नाव तरी सांगतो.

म्हणून ‘मला कधी भेटवणार?’ असे मोघम विचारू नका. त्याच्या सर्वांत जवळच्या एका मित्राचे नाव घेऊन, ‘या महिन्यात आपण तिघे तासभर भेटू या’ असे सांगा आणि तो काय करतो ते पाहा. अडचण खरी असेल, तर तो ती सांगेल आणि स्वतःहून दुसरा दिवस किंवा दुसरी व्यक्ती सुचवील. दर वेळी कारण बदलत असेल, किंवा विचारल्याबद्दल तुम्हालाच दोष मिळत असेल, तर मात्र त्याचे दुसरे नाते तर नाही ना, हे त्याला थेट विचारा. माझ्या मैत्रिणीला तीन महिन्यांत चार वेगवेगळी कारणे मिळाली, आणि त्यानंतर तिने विचारणे थांबवून ते नातेच संपवले.