पाव गुण कापणाऱ्या अकाउंट्सच्या पेपरात टिक कधी मारायची?

«मी निपाणीहून तयारी करतोय. अकाउंट्सच्या वस्तुनिष्ठ पेपरला चुकीच्या उत्तरामागे पाव गुण जातो. क्लासमध्ये सांगतात, येत नसेल तर सोडून दे. मित्र म्हणतात, ठोकून दे. नेमकं काय करू?»

आधी हिशेब करू, कारण आपला विषयच तो आहे. चार पर्याय, बरोबरला 1 गुण, चूक झाली तर 0.25 कापणार. डोळे मिटून 20 प्रश्नांवर टिक मारलीत तर सरासरी 5 बरोबर येतील आणि 15 चुकतील. 5 मधून 3.75 गेले, उरले 1.25. म्हणजे पाव गुणाच्या पेपरात निव्वळ अंदाजानेही सरासरीत तोटा होत नाही. पण सरासरी म्हणजे तुमचा त्या दिवसाचा निकाल नव्हे. 20 पैकी तीनच लागले तर सव्वा गुण उलट खिशातून जातो, आठ लागले तर 5 मिळतात. लक्षात एवढंच ठेवा: पाव गुणाला पाचात एक बरोबर आला की बरोबरी होते. एक तृतीयांश कापत असतील तर चारात एक लागतो, अर्धा कापत असतील तर तिनात एक.

इथवर ऐकून तुमचे मित्र जिंकले असं वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. 2013 साली मी सीपीटी, म्हणजे सीएची तेव्हाची प्रवेश परीक्षा, दिली. तेव्हा 200 गुणांत अकाउंट्सचे 60 होते आणि पाव गुणाचीच कात्री होती. मला तीन गुण कमी पडले. घरी येऊन प्रश्नपत्रिका उत्तरतालिकेशी ताडून पाहिली, तेव्हा कळलं की ज्या प्रश्नांवर काहीच न सुचून टिक मारली होती त्यांनी माझं फारसं बिघडवलं नव्हतं. गुण गेले ते ‘आलं की उत्तर!’ म्हणून आनंदाने टिक मारलेल्या प्रश्नांत.

याचं कारण अकाउंट्सचे पर्याय बनतात कसे, त्यात आहे. सामान्य ज्ञानाच्या प्रश्नात चुकीचे पर्याय म्हणजे दुसरी तीन नावं. अकाउंट्समध्ये प्रश्न काढणारा माणूस विचार करतो की विद्यार्थी कुठे कुठे चुकेल, आणि त्या चुकांचं उत्तर काढून तेच पर्यायात ठेवतो. हे बघा:

1 ऑक्टोबरला 1,00,000 रुपयांचं यंत्र घेतलं. घसारा ऱ्हासमान शिल्लक पद्धतीने वार्षिक 10 टक्के. हिशेबाचं वर्ष 31 मार्चला संपतं. दुसऱ्या वर्षाचा घसारा किती? पर्याय: 10,000; 9,500; 9,000; 8,550.

पहिल्या वर्षी यंत्र सहाच महिने वापरलं, म्हणून घसारा 5,000. शिल्लक 95,000. दुसऱ्या वर्षी तिच्यावर 10 टक्के म्हणजे 9,500. आता बाकीचे तीन बघा. 10,000 हे सरळ रेषा पद्धतीचं उत्तर. 9,000 हे ऑक्टोबरची तारीख न वाचता पहिल्या वर्षी पूर्ण घसारा लावणाऱ्याचं. 8,550 हे एक वर्ष जास्त मोजून तिसऱ्या वर्षावर गेलेल्याचं. एकही पर्याय उगाच ठेवलेला नाही. तारीख निसटलेल्या मुलाला 9,000 येतात, पर्यायात 9,000 दिसतात, आणि त्याची खात्री पटते. डोळे मिटून टिक मारणाऱ्याला निदान चारात एक संधी होती. याला ती नाही, कारण त्याची चूक त्याला थेट सापळ्यात नेते. म्हणून उत्तर पर्यायाशी जुळलं, हा पुरावा धरू नका. जुळल्यावर परत प्रश्नाकडे जा आणि तीनच गोष्टींवर बोट ठेवा: तारीख, पद्धत, आणि विचारलंय काय. पंधरा सेकंद लागतात.

उलट काही प्रश्न असे असतात की सूत्र आठवत नाही म्हणून मुलं सोडतात, आणि तेच सगळ्यांत सोपे असतात. उदाहरण मॅनेजरच्या कमिशनचं. कमिशन देण्यापूर्वीचा नफा 1,10,000. कमिशन 10 टक्के, पण असं कमिशन वजा केल्यानंतर उरणाऱ्या नफ्यावर. पर्याय: 11,000, 10,000, 9,900, 12,222. सूत्र विसरलात? हरकत नाही, पर्याय घालून बघा. 11,000 दिले तर उरले 99,000, त्याचे 10 टक्के 9,900. जुळत नाही. 10,000 दिले तर उरले 1,00,000, त्याचे 10 टक्के 10,000. जुळलं. हे जुळणं मात्र खरं, कारण तुम्ही पर्याय प्रश्नाच्या अटीत घालून तपासलाय. जिथे उत्तर परत प्रश्नात घालता येतं तो प्रश्न सोडायचाच नाही, वेळ नसेल तर शेवटच्या फेरीला ठेवायचा.

इथे आपल्या भागातली एक अडचण सांगतो. आपल्यातली पुष्कळ मुलं शाळेत नावे-जमा, किर्द-खतावणी, तेरीज असं शिकतात, मग कॉलेजात सगळं इंग्रजीतून, आणि कर्नाटक राज्याच्या परीक्षेला प्रश्न कन्नड आणि इंग्रजीत. पेपर इंग्रजीतून वाचत मनात मराठी करायची सवय लागते, आणि त्या धावपळीत ‘बिफोर चार्जिंग’ आणि ‘आफ्टर चार्जिंग सच कमिशन’ यातला फरक गळून जातो. वरच्या प्रश्नात तेवढ्या एका शब्दाने 10,000 चे 11,000 होतात, आणि 11,000 पर्यायात वाट बघत बसलेले असतातच. मी बेळगावात टिळकवाडीत संध्याकाळी काही मुलांना शिकवतो. त्यांना प्रश्नपत्रिकेत असे शब्द पेन्सिलीने गोल करायला लावतो: बिफोर, आफ्टर, नॉट, कॉस्ट, सेल्स. नफा खरेदी किमतीवर 25 टक्के म्हणजे विक्रीवर 20 टक्के, तिथेही याच शब्दांवर गुण जातात.

आता खरा मधला प्रकार: उत्तर पूर्ण येत नाही, पण अगदीच अंधारही नाही. इथे अकाउंट्स तुमच्या बाजूने असतं, कारण प्रत्येक नोंदीला दोन बाजू आहेत आणि निदान दिशा तरी कळते. समजा प्रश्न आहे: ऋणकोकडून 450 रुपये रोख मिळाले, रोख पुस्तकात नोंद बरोबर, पण खतावणीत त्याचं खातं जमा करायच्या ऐवजी नावे केलं. तेरजेत कोणती बाजू दुसरीपेक्षा कितीने जास्त होईल? पर्याय: नावे बाजू 450 ने जास्त, नावे बाजू 900 ने जास्त, जमा बाजू 900 ने जास्त, काही फरक नाही.

रक्कम लगेच नाही सुचली तरी दिशा बघा. रोख नावे झाली, ऋणकोही नावे झाला, जमेला कुणीच नाही. म्हणजे जमा बाजू जास्त होणं शक्य नाही, आणि फरक पडणार नाही असंही नाही. दोन पर्याय गेले, उरले 450 आणि 900. इथे पेन खाली ठेवायचं नाही. दोनच उरलेत अशा चार प्रश्नांत निम्मे जरी चुकले, तरी 2 मधून अर्धा जाऊन दीड गुण हातात राहतो. (उत्तर 900. नावे बाजूला 450 जास्त आणि जमेला 450 कमी, दोन्ही मिळून.)

पण ‘दोन उरले’ हे तुम्हाला वाटतं की खरंच असतं, हे सरावाशिवाय कळत नाही. सराव पेपर सोडवताना प्रत्येक प्रश्नाशेजारी एक खूण करा: खात्री असेल तर रेघ, दोन उरले तर 2, नुसतं ‘असंच वाटतंय’ तर फुली. गुण मोजताना तिन्हींचा वेगळा हिशेब काढा. माझा एक विद्यार्थी, खानापूरचा, फुलीवाले तीस प्रश्न करून बसला होता आणि बरोबर आले होते पाच. 25 चुकांचे सव्वासहा गेले, पदरात उणे सव्वा. मी विचारलं, ‘‘अरे, टिक कशाला मारालायस मग?’’ तर म्हणे, ‘‘सर, बघितल्यासारखं वाटत होतं.’’ त्याच्या बाबतीत ‘बघितल्यासारखं’ म्हणजे सापळा ओळखीचा होता, उत्तर नव्हे. त्याने फुलीवाले सोडायला सुरुवात केली. दुसऱ्या एका मुलीचे फुलीवालेही तिनात एक लागायचे, तिला मी अडवलं नाही. निदान चार-पाच पेपरांचा हिशेब असल्याशिवाय यावर भरवसा ठेवू नका, एका पेपरात काहीही होतं.

तुम्ही पुढे यूपीएससीची ईपीएफओची, म्हणजे भविष्य निर्वाह निधी संघटनेतल्या पदांची, परीक्षा देणार असाल तर हाच हिशेब बदलतो. तिथे अकाउंट्सची तत्त्वं अभ्यासक्रमात आहेत आणि चुकीला एक तृतीयांश कापतात. डोळे मिटून मारलेल्या टिकेचा सरासरी फायदा तिथे शून्य. किमान एक पर्याय कारणासकट खोडता आला तरच हात घालायचा.

पेपरात क्रम असा ठेवा. पहिल्या फेरीत थिअरीचे आणि एका ओळीत सुटणारे प्रश्न. दुसरीत आकडेमोड, आणि पर्याय घालून तपासता येणारे. शेवटची दहा मिनिटं ‘दोन उरले’ वाल्यांना. पूर्ण कोऱ्या राहिलेल्या प्रश्नांबाबत एकच बघा: खात्रीचे गुण मोजून तुम्ही गेल्या वेळच्या कटऑफच्या आरामात वर असाल तर ते कोरे ठेवा, कशाला जोखीम घ्यायची. एक-दोन गुण कमी पडतील असं वाटत असेल आणि कात्री पावाचीच असेल, तर भरा. ओएमआर असेल तर प्रश्नपत्रिकेवर आधी खूण करा आणि मगच गोल काळा करा, कारण पेनने काळा केलेला गोल परत कोरा होत नाही.